संध्याकाळी आठनंतरची घरघर: एका डायोडचा पुरवठा, कपॅसिटर आणि ७८१२ यांचं प्रकरण

कराडकडच्या एका गावातल्या भजनी मंडळाचा मिक्सर माझ्याकडे तीन वेळा आला आणि पहिल्या दोन वेळा मी तो 'काही दोष नाही' म्हणून परत पाठवला. चार माइक, एक एको, पुढे मोठा अँप्लिफायर. तक्रार एकच: हरिपाठ सुरू झाला की स्पीकरमधून घरघर येते. माझ्या टेबलावर तो तासन्‌तास चालला आणि एकदाही घरघरला नाही.

तिसऱ्या वेळी मंडळाचे पेटीमास्तर स्वतः आले. म्हणाले, "सर, दुपारी माइक टेस्टिंगला काही नसतं. रात्री आठला सुरू होतं, दहाला आपोआप जातं. आणि ते पांढरी पाचला वाजतं, जरासं चढं."

एवढ्या नेमक्या तक्रारीनंतर खरं तर स्क्रूड्रायव्हरची गरजच नव्हती. पेटीची पांढरी पाच खाली उतरवत गेलो, तर एक स्वर सेकंदाला ९८ आवर्तनांचा येतो आणि त्याच्या खालचा ४९ चा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे त्या स्वरापेक्षा किंचित चढी. घरघर विजेचीच होती. आणि 'आठ ते दहा' म्हणजे गावातला दिवेलागणीनंतरचा काळ, जेव्हा डीपीवर सगळ्यांचा भार एकदम येतो. मी त्यांना मीटर दिला आणि आठ वाजता देवळातल्या सॉकेटचं व्होल्टेज बघायला सांगितलं. फोन आला: १९०. माझ्या टेबलावर २३५ असतं.

पुढचं सगळं या दोन आकड्यांमधल्या फरकाचं आहे.

आत काय होतं

मिक्सरचा वीजपुरवठा स्वस्तातला, पण चुकीचा नव्हे. १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एकच डायोड (वन-एन-४००७), १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, मग ७८१२ रेग्युलेटर. रेग्युलेटरसकट सगळं मिळून १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतं. अर्धतरंग एकदिशीकरण म्हणतात ते हेच: प्रत्येक आवर्तनातला अर्धा भाग डायोड सोडतो, उरलेला अर्धा अडवतो. कपॅसिटर शिखराजवळ भरतो आणि पुढचं शिखर येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ २० मिलिसेकंद, एकटा भार वाहतो.

ज्यांनी डिप्लोमाला हे गणित केलंय त्यांना ते तोंडपाठ असेल, पण इथे ते पुन्हा करायला हवं, कारण गंमत त्याच्या गृहीतकांमध्ये लपलेली आहे. कपॅसिटरमधून I इतका स्थिर प्रवाह निघत असेल, तर एका आवर्तनात त्याचं व्होल्टेज इतकं उतरतं:

```
Vr = I / (f × C)
   = 0.1 / (50 × 0.001)
   = 2 V
```

हा रिपल, शिखरापासून दरीपर्यंतचा. भार साधा रोधक असता तर उतार वक्र झाला असता. इथे मात्र पुढे रेग्युलेटर आहे. तो कपॅसिटरवर कितीही व्होल्टेज असो, जवळपास तेवढाच प्रवाह ओढतो, म्हणून उतार खरोखरच सरळ रेषेसारखा दिसतो आणि हे सूत्र फार प्रामाणिक उत्तर देतं. चूक झाली तर ती जास्त सांगण्याच्या बाजूने होते, कारण कपॅसिटर पूर्ण २० मिलिसेकंद एकटा नसतो, थोडा वेळ त्याला भरलंही जात असतं.

आता शिखर. १२ ला १.४१४ ने गुणलं की १७ होतात. डायोडचा सुमारे एक व्होल्ट वजा केला की १६ उरतात. कपॅसिटर १६ आणि १४ च्या मध्ये खालीवर होणार. ७८१२ ला आपले १२ व्होल्ट स्थिर ठेवायला इनपुटला साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात. १०० मिलिअँपिअरसारख्या हलक्या भारावर माझ्या अनुभवात १.७ पुरतात. म्हणजे दरी १३.७ च्या खाली गेली नाही पाहिजे, आणि कागदावर ती १४ आहे. ज्याने हा मिक्सर बनवला त्याने हेच गणित केलं असणार आणि तो समाधानाने झोपला असणार.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे शिकायला येणारी मुलं याच ठिकाणी अडकतात. रिपल दोन व्होल्ट आहे, म्हणून घरघर येते असं नाही. दरी १३.७ च्या वर आहे तोवर कपॅसिटरवर दोन काय, पाच व्होल्टचा रिपल असला तरी ७८१२ तो गिळून टाकतो आणि बाहेर त्याचा हजारावा हिस्साही येत नाही. पण दरी त्या रेषेच्या खाली गेली की तेवढ्या वेळापुरता रेग्युलेटर रेग्युलेटर राहत नाही, नुसता १.७ व्होल्ट खाणारा तुकडा होतो. मग इनपुटला जो खड्डा असेल तोच खड्डा आउटपुटला. म्हणून हा दोष हळूहळू वाढत येत नाही, एका ठरावीक व्होल्टेजला अचानक सुरू होतो.

डिमरस्टॅटवर

टेबलावर डिमरस्टॅट लावला आणि मिक्सरचा पुरवठा २३५ वरून खाली आणत गेलो. स्कोपचा एक प्रोब कपॅसिटरवर, दुसरा ७८१२ च्या आउटपुटला. २३० ला आउटपुट काचेसारखं सपाट. २२० लाही. २१६ च्या आसपास आउटपुटच्या रेषेला दर २० मिलिसेकंदांनी एक बारीक टोक खाली आलं आणि त्याच क्षणी स्पीकरमधून पांढरी पाच वाजली. १९६ च्या खाली तर कपॅसिटरवरचं शिखरसुद्धा १३.७ च्या खाली गेलं होतं. तिथून पुढे करवतीच्या दात्यासारखा तो अख्खा रिपल जसाच्या तसा बाहेर. १९० ला कपॅसिटर १३.२ ते ११.६ मध्ये झुलत होता आणि '१२ व्होल्ट'ची लाइन ११.५ ते ९.९ मध्ये. माइकचा बायस त्याच लाइनवरून येत होता, त्यामुळे घरघर थेट माइकच्या वाटेने शिरत होती.

ज्यांच्याकडे स्कोप नाही त्यांनाही हे पकडता येतं. चांगल्या मीटरच्या एसी रेंजवर, प्रोबला ओळीत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून, रिपल मोजायचा आणि आलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं. करवतीच्या आकाराच्या लाटेसाठी शिखर-ते-दरी साधारण तेवढं येतं. तो छोटा कपॅसिटर विसरू नका. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरना एसी रेंजवर डीसीसुद्धा एसी वाटतं आणि ते १६ व्होल्ट डीसीवर भलताच आकडा दाखवतात. मग माणूस तासभर नसलेला रिपल शोधत बसतो.

डायोड किती वेळ उघडा असतो

दोष सापडला होता, पण स्कोपवर मला आणखी एक गोष्ट दिसली, जी कागदाशी जुळत नव्हती आणि मला जास्त आवडली. ती समजल्याशिवाय दुरुस्ती नीट झाली नसती.

कपॅसिटर दोन व्होल्टने उतरलेला आहे. येणारी लाट जेव्हा त्या १४ व्होल्टच्या वर चढेल तेव्हाच डायोड उघडणार आणि शिखर गाठल्यावर लगेच बंद होणार. म्हणजे डायोड उघडा असण्याचा कोन असा:

```
cos θ = 1 − Vr/Vp = 1 − 2/16 = 0.875
θ ≈ 29°  →  29/360 × 20 ms ≈ 1.6 ms
```

वीस मिलिसेकंदांतले फक्त १.६. बाकी वेळ डायोड बंद. आणि या १.६ मध्ये त्याला पूर्ण २० मिलिसेकंदांचा भार भरून द्यायचा असतो. म्हणून भार १०० मिलिअँपिअर असला तरी डायोडमधून त्या थोड्या वेळात सरासरी सव्वा अँपिअर गेला पाहिजे. पल्सचं टोक याहून उंच, कारण डायोड उघडतो तेव्हा लाट सर्वात वेगाने चढत असते आणि कपॅसिटर त्या वेगाला दाद देतो:

```
Ipk ≈ ω C Vp sin θ + I
    = 314 × 0.001 × 16 × 0.48 + 0.1
    ≈ 2.5 A
```

आमच्या गावाला नळाला दिवसाआड तासभर पाणी येतं तसंच हे. घरातला वापर दिवसभर संथ, पण टाकी भरायची ती त्या तासात, म्हणून नळ पूर्ण सोडावा लागतो.

ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या मधल्या वायरमध्ये मी ०.१ ओहमचा रोधक टाकला आणि त्यावरचं व्होल्टेज बघितलं. अडीच अँपिअर असते तर २५० मिलिव्होल्टचं टोक दिसलं असतं. दिसलं ८८ च्या आसपास. म्हणजे जेमतेम ०.९ अँपिअर. आणि पल्स १.६ नव्हे, जवळजवळ ३.४ मिलिसेकंद रुंद, म्हणजे ६१ अंश. शिवाय पुस्तकातल्यासारखी एकदम उठून शिखरावर थांबणारी नव्हे, तर शिखराच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी, टेकडीसारखी. रिपलही २ च्या जागी १.७.

कोण चुकलं? कोणीच नाही. वरच्या सूत्रांनी गृहीत धरलं होतं की ट्रान्सफॉर्मर लागेल तेवढा प्रवाह व्होल्टेज न पाडता देतो. मीटर लावून वाइंडिंग मोजली: सेकंडरी १.६ ओहम, प्रायमरी ४१० ओहम. प्रायमरीचा रोध सेकंडरीकडून बघायचा तर व्होल्टेजच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचा. बिनभाराचं सेकंडरी व्होल्टेज १३.५ होतं (१२ हा आकडा पूर्ण भारावरचा असतो, हे लेबलावर कोणी लिहीत नाही). १३.५ भागिले २३० चा वर्ग गुणिले ४१०, म्हणजे १.४ ओहम. दोन्ही मिळून ३ ओहम. आता त्या ३ ओहममधून अडीच अँपिअर पाठवून बघा: साडेसात व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. ज्या लाटेचं टोक कपॅसिटरच्या वर जेमतेम दोन-तीन व्होल्ट आहे, तिच्याकडे एवढे व्होल्ट आणायचे कुठून?

नळाच्या भाषेत, पाइप अर्ध्या इंचाचा आहे. तुम्ही कितीही नळ सोडा, त्याच्या बाहेर तेवढंच येणार. मग टाकी काय करते? तिची पातळी थोडी खाली बसते. पातळी खाली बसली की लाट तिच्या वर लवकर चढते आणि उशिरा उतरते, डायोडला जास्त वेळ मिळतो आणि कमी उंचीच्या, रुंद पल्समधून तेवढाच भार पुरा होतो. कपॅसिटरची सरासरी १५.६ व्होल्टवर बसली होती, तर बिनभाराच्या लाटेचं शिखर १९.१ होतं. या साडेतीन व्होल्टच्या फरकातच सगळा हिशेब आहे.

हे गणितही हाताने होतं. कपॅसिटरचं व्होल्टेज जवळपास स्थिर धरायचं, R हा एकूण रोध, Vp हे आता बिनभाराच्या लाटेचं शिखर, θ हा शिखराच्या एका बाजूचा कोन, मग:

```
sin θ − θ cos θ = π I R / Vp
               = 3.14 × 0.1 × 3 / 19.1 ≈ 0.049
θ ≈ 0.53 rad ≈ 30.6°   (2θ ≈ 61°)
Ipk = Vp (1 − cos θ) / R ≈ 0.89 A
```

θ काढायला सरळ सूत्र नाही. पण छोट्या कोनांसाठी डावी बाजू साधारण θ च्या घनाच्या एक तृतीयांश असते, तिथून सुरुवात करून कॅल्क्युलेटरवर दोनदा सुधारलं की उत्तर हाती येतं. या सूत्रात बघण्यासारखी गोष्ट ही की त्यात C कुठेच नाही. उघडं राहण्याचा कोन ठरवतोय तो वाइंडिंगचा रोध, कपॅसिटर नव्हे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, जिथे रोध ओहमचा छोटा अंशच असतो, तिथे पहिलं सूत्र खऱ्याच्या जवळ येतं. हाताच्या मुठीत मावणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र ते दुप्पट-तिप्पट घाबरवतं.

तरी पल्स रुंद झाली म्हणून फुकट काही मिळत नाही. ०.८९ अँपिअरच्या या पल्सचं आरएमएस मूल्य ०.२७ अँपिअर भरतं, भार ०.१ असताना. वाइंडिंग तापते ती आरएमएसच्या वर्गाने, म्हणजे सरळ १०० मिलिअँपिअर डीसीने तापली असती त्याच्या सातपट. ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेऊन कोणी अर्धतरंगात ४०० मिलिअँपिअर डीसी काढायला गेलं, तर तो का भाजतो ते यावरून कळावं.

मोठा कपॅसिटर

आता दुरुस्ती. घरघर म्हटलं की प्रत्येक मेकॅनिकचा हात आधी कपॅसिटरकडे जातो, माझाही गेला. १००० काढून ४७०० मायक्रोफॅरडचा बसवला. कागदावरच्या सूत्राप्रमाणे आता पल्स ०.७ मिलिसेकंदाची आणि टोक ५.५ अँपिअरचं व्हायला हवं होतं. स्कोपवर ती पूर्वीसारखीच, ०.९ ची. वर म्हटलंच, C चा तिथे संबंध नाही. सुरू करतानाचा पहिला झटका मात्र सहा-साडेसहा अँपिअरचा असू शकतो, कारण रिकामा कपॅसिटर आणि शिखर एकाच वेळी गाठ पडले तर मध्ये फक्त ते ३ ओहम आहेत. वन-एन-४००७ एका अर्ध्या लाटेपुरता ३० अँपिअर सोसतो, त्यामुळे काळजी नाही.

रिपल १९० व्होल्टला १.६ वरून ०.३५ वर आला. घरघर कमी झाली, खूप कमी झाली. पण गेली नाही. आणि डिमरस्टॅटवर घरघर सुरू होण्याचं व्होल्टेज २१६ वरून घसरून फक्त २०९ वर आलं. पावणेपाच पट कपॅसिटर टाकून सात व्होल्ट कमावले.

कारण उघड आहे, पण ते बघायला एकदा दरी आणि सरासरी वेगळी करून बघावी लागते. कपॅसिटर वाढवल्याने दरी सरासरीकडे सरकते. सरासरी आहे तिथेच राहते. १९० ला सरासरी १२.४ होती आणि रेषा होती १३.७. रिपल शून्य केला असता, कपॅसिटर पिंपाएवढा लावला असता, तरी दरी १२.४ च्या वर आली नसती. रेग्युलेटर बेशुद्धच राहिला असता. मंडळाने कदाचित एवढ्यावर समाधान मानलं असतं, पण पेटीमास्तरांच्या कानाने नाही.

दुसरा विचार आला तो चार डायोडच्या ब्रिजचा. आता कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो, रिपल अर्ध्याहून कमी होतो. पण रस्त्यात एका डायोडच्या जागी दोन येतात आणि दुसरा पाऊण-एक व्होल्ट खातो. दोन पल्समुळे वाइंडिंगमध्ये पडणारे व्होल्ट कमी होतात आणि जवळपास तेवढीच भरपाई होते. हिशेब केला तर १९० ला सरासरी १२.५ च्या थोडी वर. पुन्हा तीच गोष्ट, रेषेच्या खाली.

म्हणजे दोनच वाटा उरल्या. सरासरी वर न्या किंवा रेषा खाली आणा. सरासरी वर न्यायची तर १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल, त्या डब्यात तो बसत नव्हता, आणि मध्यरात्री गावात व्होल्टेज २५० ला जातं तेव्हा ७८१२ उगाच तापला असता. रेषा खाली आणणं सोपं होतं. मिक्सरचे ऑप-अँप ९ व्होल्टवर आनंदाने चालतात, एकोच्या बोर्डावर स्वतःचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर आहे. मी ७८१२ काढून ७८०९ बसवला. रेषा १३.७ वरून १०.७ वर आली.

जुनाच १००० चा कपॅसिटर, जुनाच एकटा डायोड ठेवून डिमरस्टॅट फिरवला. घरघर १७९ ला सुरू झाली. २१६ ते १७९, एका छोट्या काळ्या तुकड्याने. कपॅसिटरने सात व्होल्ट दिले होते, याने सदतीस. याची किंमत म्हणजे आवाजाची वरची मर्यादा थोडी खाली आली. कोणी माइक तोंडात धरून ओरडला तर पूर्वीपेक्षा आधी फाटेल. अभंगाला चालतं.

ब्रिज मी तरीही लावला, पण वेगळ्या कारणासाठी. एकाच डायोडमुळे सेकंडरीतून प्रवाह नेहमी एकाच दिशेने जातो, सरासरी १०० मिलिअँपिअर डीसी. ते गाभ्याला कायम एका बाजूला ढकलत राहतं. प्रायमरीच्या भाषेत ते सुमारे ६ मिलिअँपिअर होतं, ऐकायला किरकोळ, पण एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरचा चुंबकीय प्रवाहच काही दशक मिलिअँपिअरचा असतो. रात्री २५० व्होल्ट आले की गाभा एका बाजूला संपृक्त होऊ लागतो आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः गुणगुणतो, तापतो. ब्रिजमध्ये एक पल्स इकडून, पुढची तिकडून. डीसी नाहीसं, आणि पल्स लहान झाल्याने वाइंडिंगची उष्णताही एक तृतीयांशाने कमी. कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा घातला. या सगळ्यासह घरघर १७० च्या आसपास सुरू होते.

ब्रिज लावताना मी हात थांबवून एक गोष्ट तपासली आणि तुम्हीही तपासा. अर्धतरंगाच्या बोर्डावर ट्रान्सफॉर्मरचं एक टोक सरळ ग्राउंडला जोडलेलं असतं, कधी कधी डब्याच्या पत्र्यालासुद्धा. तो ट्रॅक तसाच ठेवून ब्रिज बसवला की ब्रिजचा एक डायोड ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांमध्ये थेट येतो. मग दर आवर्तनात अर्धा वेळ शॉर्ट. डायोड किंवा ट्रान्सफॉर्मर, जो आधी हार मानेल तो. मी तो ट्रॅक कटरने खरवडला, मीटरने तुटल्याची खात्री केली, मगच ब्रिज जोडला.

७८०९ ला पत्र्याचा एक छोटा तुकडा स्क्रूने लावला. २५० व्होल्टला त्याच्यावर साडेआठ व्होल्ट पडतात, १०० मिलिअँपिअरला म्हणजे ०.८ वॉटच्या वर. उघड्यावर हा तुकडा वॉटमागे सुमारे ६५ अंश तापतो, आणि बंद डब्यात, वैशाखात, ते मला नको होतं.

मिक्सर गेला. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पेटीमास्तरांचा फोन आला. देवळात त्या वेळी १८४ व्होल्ट होते, त्यांनी मीटर अजून परत केला नव्हता. "घरघर नाही," म्हणाले, "पण सर, आता मोठ्या अँप्लिफायरचा पंखा ऐकू येतो. तो काळी दोनला आहे."